मास्तरांच्या वहीतली माया

आमचे मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं दुकान. बटणं, दोरे, अस्तर, चेन असलं सगळं. मध्ये फळ्यांची भिंत. त्या भिंतीतून एकतीस वर्षं मला त्यांच्या मशीनचा आवाज ऐकू येतोय आणि त्यांना माझी बडबड. म्हणून ही हकिकत मीच सांगते. दुसरं कुणी सांगायला बसलं तर मास्तरांना बिचारे म्हणेल आणि मोकळं होईल. मला तसं मोकळं होता येत नाही, कारण यात माझाही हात आहे.

माणूस मापाला पक्का. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, मागच्याच मापाने शिवा," तरी यांनी गळ्यातली टेप काढलीच म्हणून समजा. "मागच्या मापाचा माणूस आता आहे कुठे?" असं त्याच्या पोटाकडे बघत म्हणायचे. नवं कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, आटायचं तेवढं आटू द्यायचं, मगच कात्री. आणि प्रत्येक कपड्यात माया ठेवायचे. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला बसतो. बाकीचे शिंपी कापड वाचवायला माया चोरतात. मास्तर दोन बोटं ठेवायचे आणि वहीत मापांच्या शेवटी लिहायचे: छाती इतकी, बाही इतकी, माया इतकी. लांब, पिवळट पानांची वही. असल्या बावीस वह्या माळ्यावर होत्या, तेविसावी मशीनपाशी.

मुलं तीन. थोरला विमा कंपनीत, धाकटा दुसऱ्या शहरात मोटारींच्या कारखान्यात. मधली मुलगी, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. मधलीचं लग्न झालं नाही, म्हणजे तिने केलं नाही. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही आणि माझ्यासारख्या भोचक बाईने विचारलं नाही म्हणजे बघा. ती प्रयोगशाळेजवळ भाड्याच्या एका खोलीत राहायची. दर रविवारी आईवडिलांकडे यायची, आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून द्यायची आणि जाताना माझ्या दुकानात टेकायची.

मास्तर आणि मास्तरीणबाईंनी पोटाला चिमटा काढून साठवलेलं, शिवाय मास्तरीणबाईंच्या वडिलांच्या जमिनीच्या तुकड्याचे आलेले, असे सगळे मिळून छत्तीस लाख झाले होते. दोघांनी ठरवलं, सहा आपल्या म्हातारपणाला, तीस मुलांना. दहा, दहा, दहा. ज्याने त्याने पहिलं घर घ्यायच्या वेळी घ्यायचे, तोवर बँकेत. व्याज घरखर्चाला. तिघांना बोलावून सांगितलं. मुलगी म्हणून मधलीला कमी, असला विचार मास्तरांच्या मनालाही शिवला नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "बाई, एकच टेप तिघांना लावली. आता डोळे मिटले तरी चालतील." मी म्हटलं, "मिटा, पण आधी माझ्या ब्लाउजला हुक लावून द्या."

पहिला आला थोरला. त्याला ऐंशी लाखांचं घर मिळत होतं. बँक चौसष्ट द्यायला तयार. उरलेले सोळा आणि नोंदणीचे, कराचे पाच, हे एकवीस स्वतःचे हवेत. त्याच्याकडे सात. म्हणजे चौदा कमी.

"दहा ठरलेत," मास्तर म्हणाले.

"बाबा, चार लाखांसाठी घर हातचं जाईल. पुढच्या वर्षी हेच नव्वदला असेल. चार मी परत करतो ना. मधलीचं किंवा धाकट्याचं ठरलं की त्या दिवशी."

मास्तरांनी दोन दिवस मशीन चालवलं नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं. आणि मी, जिने आयुष्यात दहा रुपयांची उधारी कुणाला दिली नाही, ती मी ऐटीत म्हणाले, "द्या हो मास्तर. पोरगं घराला मुकेल. चारसाठी काय अडवताय? नंतर बघता येईल." नंतर बघता येईल! जीभ झडली नाही माझी.

मधलीलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी दादाचं होऊ दे. मला घाई नाही." हे वाक्य तिने पुढे आणखी एकदा म्हटलं आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरात एखादं माणूस असं असतं, ज्याला घाई नाही म्हणून बाकीच्यांची कामं पटापट होतात.

मग बँकेने एक पत्र मागितलं. वडिलांकडून आलेले पैसे ही बक्षीस रक्कम आहे, ती परत करायची नाही, त्या बदल्यात वडिलांचा घरावर कसलाही हक्क नाही, असं वडिलांनी लिहून द्यायचं. बँकेचंही बरोबरच आहे. उद्या वडील परत मागायला लागले तर पोरगा हप्ता भरणार का वडिलांचं देणं? थोरला पत्र घेऊन दुकानात आला. मास्तरांनी चष्मा लावून तीनदा वाचलं.

"अरे, पण चार परत यायचेत. हे खोटं झालं."

"बाबा, हा कागद बँकेसाठी. आपल्यात कागद लागतो का?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. साक्षीदार म्हणून सही माझीच हवी होती. मी केली. निळ्या शाईत, नाव-पत्त्यासकट. मास्तरांनी सही केली, आणि मग त्यांच्या मनाला चैन पडेना म्हणून त्यांनी मापांची वही ओढली. कुणाच्या तरी पँटच्या मापाखाली रेघ मारली आणि लिहिलं: थोरला, दहा. माया चार. मला दाखवून म्हणाले, "ही माया आहे बाई. आत ठेवलेली. वेळ आली की उसवायची." मुलाच्या पाठीवर थाप मारली. मुलगा हसला. त्याला माया शिकवावी लागणार नव्हती. शाळेच्या सुट्टीत तोच तर मास्तरांच्या हाताखाली शिवणी उसवायचा.

तीन वर्षांनी धाकटा. त्याचं लग्न ठरलेलं, सासरचे विचारत होते, घर कुठे? त्याने सरळ चौदा मागितले. "दादाला चौदा, मला दहा? मी काय सावत्र आहे?" मास्तर समजावत राहिले, दादाचे चार परतीचे आहेत. तो म्हणाला, "मग माझेही चार परतीचे." यावर काय बोलणार? मास्तरीणबाईंनी मध्ये पडून बारावर तडजोड केली, भाजीवाल्याशी करावी तशी. पुन्हा बँकेचं पत्र, पुन्हा माझी सही. वहीचं तेच पान काढून दुसरी ओळ: धाकटा, दहा. माया दोन. आणि त्याच वेळी, वही उघडी होतीच म्हणून, तिसरी ओळ: मधली, दहा.

त्यातले चारच आता बँकेत होते. बाकीचे सहा दोन मुलांच्या भिंतींमध्ये गेले होते.

मधलीला मास्तर म्हणाले होते, "तुझे दहा कुठे जात नाहीत." ती म्हणाली, "मला घाई नाही, बाबा." तिच्या खोलीचं भाडं दर वर्षी वाढत होतं. मास्तरीणबाईंचं कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशनमध्ये म्हातारपणाच्या सहातले तीन गेले. आणि घरांचे भाव चढत होते. कापड भिजवल्याशिवाय कात्री न लावणारा हा माणूस, पण पैसाही आटतो हे त्याच्या लक्षात आलं नाही. थोरल्याच्या वेळच्या दहांत जे बसत होतं, ते मधलीच्या वेळेपर्यंत दहांत बसणार नव्हतं. मलाही कुठे सुचलं? मी रोज बटणांचे भाव वाढवत होते, तरी नाही.

मधली एक्केचाळिसाची झाली तेव्हा तिचा घरमालक म्हणाला, खोली रिकामी करा, मुलाला हवी आहे. अकरा वर्षांत तिसऱ्यांदा तिला सामान बांधायचं होतं. त्या रविवारी ती माझ्या दुकानात आली ती नेहमीसारखी टेकली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "मावशी, मी घर बघितलंय."

एक खोली, स्वयंपाकघर, मागे हातभर गॅलरी. पंचेचाळीस लाख. तिने मला गॅलरीची लांबी हाताने दाखवली, माझ्या काउंटरवर. तिच्या चेहऱ्यावर मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. बँक तिला तेहतीस देत होती. एकटीचा पगार, निवृत्तीला एकोणीस वर्षं, त्याहून जास्त हप्ता बसत नाही असं सांगून त्यांनी हात वर केले होते. म्हणजे बारा आणि नोंदणीचे तीन, एकूण पंधरा. पाच तिचे साठवलेले. "दहा बाबांकडे आहेत," ती म्हणाली. पन्नास हजार बयाणा देऊनही आली होती. महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

मास्तरांनी दोन्ही मुलांना बोलावलं. पुढच्या रविवारी दुपारी, दुकानात, कारण घरी मास्तरीणबाई कॉटवर असायच्या आणि त्यांच्यासमोर हे नको होतं. फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी होते. मास्तरांनीच हाक मारून अलीकडे घेतलं. "बाई साक्षीला आहेत," म्हणाले. वही उघडली. चार आणि दोन, सहा. माझ्याकडचे चार. झाले दहा. "आता उसवायचं," म्हणाले, आणि कौतुकाने हसले, जणू गणित सुटलं म्हणून मुलांनी टाळ्या वाजवाव्यात.

थोरला बराच वेळ टेप गुंडाळत बसला. मग म्हणाला, "बाबा, माझा हप्ता माहीत आहे ना? मुलाची फी आत्ताच भरलीय. चार लाख मी कुठून आणू? आणि खरं सांगू का, ते परत करायचेत असं काही नव्हतं."

"नव्हतं? तू इथे बसून म्हणालास."

"बँकेच्या पत्रावर तुमची सही आहे. बक्षीस, परत करायचं नाही. मावशींचीही सही आहे."

 मी म्हटलं, "अरे, तो कागद बँकेसाठी, हे तूच म्हणालास! मी ऐकलंय."

"मग वहीत बघा," तो म्हणाला. त्याने वही स्वतःकडे वळवली. "उसने लिहिलंय का कुठे? माया लिहिलंय. दहा हक्काचे आणि चार मायेचे. मायेने दिलेलं कुणी परत मागतं का?"

खोटं बोलताना माणूस खाली बघतो म्हणतात. हा सरळ बघत होता. मास्तर त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू आपल्याच मुलाची भाषा त्यांना कळेनाशी झाली असावी. ज्या हातांनी शेकडो शिवणी उसवून माया सोडली होती, ते हात वहीवर ठेवून तो त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगत होता. आणि दुसरा अर्थ खोटा नव्हता, हीच तर पंचाईत.

धाकटा म्हणाला, "दादा देत असेल तर मी माझे दोन आज देतो. तो नाही देणार तर मी एकट्यानेच का?" याला तो न्याय समजत होता.

मधली वहीजवळ आली. ती वाकली आणि वही बघायला लागली. तीन ओळी, एकाखाली एक. तिने तिच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, माझ्यापुढे माया नाही लिहिलीत."

"अगं, तू कधी..." मास्तर अडखळले. "तू कधी जास्त मागितलंच नाहीस."

ते त्यांना म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं की तुझ्या बाबतीत मापाबाहेर जावं लागलंच नाही, तुझं सगळं नीट होतं. पण वाक्य बाहेर पडलं ते असं. मधलीने मान हलवली. ती शिंप्याची मुलगी, तिला शब्दाचा अर्थ भावाइतकाच नीट माहीत होता. पण भावाने नुकताच दुसरा अर्थ वाचून दाखवला होता, आणि त्या अर्थानेही तिची ओळ तशीच रिकामी होती.

दोघं भाऊ गेले. मास्तर म्हणाले, चार आणि म्हातारपणाचे तीन, सात घेऊन जा. ती म्हणाली, "आणि आईचं दुसऱ्या बाजूचं हाड मोडलं तर? आणि तरी तीन कमीच." मास्तर म्हणाले, दुकान विकतो. बारा-तेरा येतील. यावर ती पहिल्यांदा ओरडली. "विकून करणार काय? घरी बसून आईकडे बघत बसणार? दर महिन्याची औषधं कशातून आणणार?" खरं होतं. ते मशीन थांबलं असतं तर त्या घरातलं सगळंच थांबलं असतं. मी माझे दीड लाख देऊ केले. दीड लाखांनी काय होणार होतं? माझं मन हलकं झालं असतं, एवढंच. तिला ते कळलं असावं. "राहू द्या मावशी," म्हणाली.

मुदतीला चार दिवस राहिले असताना एक वकील कोटाच्या मापाला आले. मास्तरांनी बाहीचं माप घेता घेता त्यांना सगळं सांगितलं. वकील म्हणाले, दिलं ते दिलं. त्या पत्रानंतर ते परत मागण्यात दम नाही. पण जे अजून तुमच्या नावावर आहे, त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे. मृत्युपत्र करा. दोघा मुलांना हयातीत इतके इतके दिलेत असं आकड्यांसकट लिहा, आणि दुकान व शिल्लक मुलीला. तिघांचं माप जुळेल. उलट तिलाच थोडं जास्त जाईल.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. वकिलांनी मसुदा टाइप करून पाठवला तो त्यांनी मला वाचून दाखवला, मोठ्याने, बोट फिरवत. मीही म्हणाले, "चला, निदान पोरीचं काहीतरी झालं." दुसऱ्यांदा चुकीचं बोलले मी, आणि दुसऱ्यांदाही अगदी मनापासून.

मधलीला त्यांनी कामावरून परस्पर दुकानात बोलावून घेतलं. ती आली, हातमोज्यांच्या पावडरीने बोटं पांढरी. मास्तरांनी कागद तिच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

तिने वाचला. घडी घातली. उलगडून पुन्हा वाचला.

"बाबा, हे मला केव्हा मिळणार?"

"मी गेल्यावर. सगळं तुझं. कुणी बोट लावू शकणार नाही."

"तुम्ही अडुसष्ट. तुमच्या वडिलांनी नव्वदी गाठली." ती हळू बोलत होती, प्रयोगशाळेत कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवावा तशी. "म्हणजे तुम्ही जितके जास्त जगाल तितकी मी भाड्याच्या खोलीत. दादाला घर तुमच्या हातून मिळालं, धाकट्याला तुमच्या हातून मिळालं. माझं तुम्ही मरणावर ठेवलंत."

"अगं, असं कसं..."

"मला रोज तुमची काळजी वाटते, बाबा. ती आता तशी राहील का?"

  मृत्युपत्र तिने टेबलावर ठेवलं, वर कात्री ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. एवढं करून ती गेली. मास्तरांनी पुढे त्यावर सही केली, कारण दुसरं त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. बयाणा बुडाला. मधली आता शहराच्या पार टोकाला राहते, दोन बस बदलून.

रविवारी ती अजून येते. आईच्या गोळ्या भरते. संध्याकाळी कामावरून सुटली की बाबांना फोनही करते; तो फोन वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून माझ्या कानावर पडतो. मास्तरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर आणि तिचा आवाज मोठा. पूर्वी पहिलं वाक्य असायचं, "बाबा, तब्येत कशी आहे?" आता ती पाण्याचं विचारते, वीजबिलाचं विचारते, आई जेवली का विचारते. तब्येत कशी आहे, हे विचारत नाही.

गेल्या थंडीत मास्तरांना तीन आठवडे खोकला होता. तिचा फोन आला की ते तोंडावर हात दाबून खोकला अडवायचे, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि फोनच्या त्या टोकाला ती गप्प व्हायची, अडवलेला खोकला संपेपर्यंत थांबायची, आणि मग वीजबिलाचं विचारायची.